एकवीस फ्रेम

“मावशी, ते आपल्याला घाबरून पळतायत का?”

भाचीनं हे विचारलं तेव्हा मी टाळ्या वाजवत होते. होडीतले सगळेच वाजवत होते. डाव्या हाताला, पन्नासएक मीटरवर, सहा-सात डॉल्फिन एकामागून एक पाण्याबाहेर झेपावत होते. काळपट, ओल्या, चकचकीत पाठी, एक आत गेली की दुसरी वर. कुणीतरी “तिकडे, तिकडे!” ओरडलं, सुकाणूवरच्या काकांनी होडी वळवली, इंजिनाचा आवाज चढला, डिझेलचा वास नाकात शिरला आणि आम्ही त्यांच्या दिशेनं निघालो. भाची सात वर्षांची. ती टाळ्या वाजवत नव्हती. ओल्या दोराच्या वेटोळ्यावर बसून दोन्ही हातांनी कठडा धरून ती नुसती बघत होती. “नाही गं, खेळतायत ते,” मी म्हणाले. म्हणाले म्हणजे तोंडातून निघून गेलं. तिनं मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती. मोठ्यांना आता पुढचं विचारण्यात अर्थ नाही, हे कळल्यावर मुलं जशी मान हलवतात तशी.

पुढे कित्येक महिने ती मान माझ्या डोक्यात हलत राहिली. मी काय पाहून म्हटलं होतं “खेळतायत”? डॉल्फिन उडी मारतो म्हणजे तो आनंदात असतो, हे मी कुठे शिकले? बहुधा कुठेच नाही. लहानपणी वहीच्या मुखपृष्ठावर एक डॉल्फिन होता, चंद्रकोरीसारखा वाकलेला, हसरा. ते हसू तर तद्दन फसवं. डॉल्फिनच्या तोंडाची रेघच वर वळलेली असते. तो आजारी असो, जाळ्यात अडकलेला असो किंवा मेलेला असो, रेघ तशीच. आपल्यासारखं चेहऱ्यावर काही उमटवण्याची सोय त्याच्याकडे नाही. म्हणजे चेहरा बाद. मग उरलं काय? उडी. आणि उडीबद्दल मला शून्य माहिती होती.

माझ्याकडे मोबाइलवर चौतीस सेकंदांचं चित्रीकरण होतं. हललेलं, तिरकं, मध्येच कुणाचा तरी कोपर. पहिल्या बारा सेकंदांत त्या उड्या, मग बराच वेळ नुसतं पाणी आणि आमचा कलकलाट, आणि शेवटच्या नऊ-दहा सेकंदांत होडीच्या नाळेखाली दोन डॉल्फिन. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, जिथे ती पाणी फाडते. हे चित्रीकरण मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्यातला प्रत्येक शिंतोडा मला ओळखीचा झालाय. एका रात्री झोप येईना म्हणून मी ते एकेक फ्रेम करत पुढे सरकवायला लागले. सेकंदाला तीस फ्रेम. एका डॉल्फिनच्या चोचीचं टोक पाण्याबाहेर आलं ती फ्रेम धरली आणि तेच टोक परत पाण्याला टेकेपर्यंत मोजत गेले. एकवीस.

एकवीस फ्रेम म्हणजे ०.७ सेकंद. आता शाळेतलं गणित. हवेत फेकलेली वस्तू जितका वेळ वर जाते तितकाच वेळ खाली येते, म्हणजे हा प्राणी ०.३५ सेकंद वर चढला. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग खाऊन टाकतं, तेव्हा पाणी सोडताना त्याचा वरच्या दिशेचा वेग साधारण ३.४ मीटर प्रतिसेकंद असला पाहिजे. उंची निघते जेमतेम ६० सेंटिमीटर. मी हिशेब पुन्हा केला, कारण मला ती उडी पुरुषभर उंच वाटली होती! पण आडवं अंतर बघा. उडी त्याच्या स्वतःच्या लांबीच्या अडीचपट पडली होती. अंगाची लांबी दोन मीटर धरली तर पाच मीटर. ०.७ सेकंदात पाच मीटर म्हणजे सेकंदाला सात मीटरहून थोडं जास्त. आडवा आणि उभा वेग एकत्र केला की जवळपास आठ मीटर प्रतिसेकंद, ताशी २८ किलोमीटर. लांबीचा अंदाज चुकला असेल, होडी हलत होती, मीही हलत होते. पाच-सहा किलोमीटर इकडचे तिकडे होतील. पण बॉटलनोज डॉल्फिनची रमतगमत जाण्याची चाल, म्हणजे ज्या वेगात त्याला दर मीटरमागे सर्वांत कमी ताकद लागते ती, मोजलेली आहे: २.१ मीटर प्रतिसेकंद. ताशी साडेसात किलोमीटर. माझे डॉल्फिन त्याच्या तिपटीहून जास्त वेगानं चालले होते, सगळे एकाच दिशेला, आणि ती दिशा होडीपासून लांब जाणारी होती.

ठेंगणी, लांब, सपाट उडी. वहीवरच्या चंद्रकोरीशी तिचं काही नातं नव्हतं.

एवढ्या वेगात उडी मारायची तरी कशाला, हा प्रश्न मग आपसूक आला. घाईत असलेल्या प्राण्यानं सरळ पोहावं; वरखाली कशाला करायचं? याचं उत्तर पाण्याच्या पृष्ठभागात आहे. पाण्याच्या अगदी लगत पोहणारं कोणतंही शरीर लाटा उठवतं, आणि लाट उठवायला लागणारी ताकद पोहणाऱ्याच्याच खिशातून जाते. खोल पोहताना जेवढा अडथळा होतो त्याच्या चार-पाच पट अडथळा पृष्ठभागालगत होऊ शकतो. शरीराच्या जाडीच्या साधारण तिप्पट खाली गेलं की हा जादाचा भुर्दंड जवळजवळ संपतो. मग खालूनच का जात नाहीत? श्वास. डॉल्फिनला वर यावंच लागतं, आणि जितकं जोरात पोहावं तितकं वारंवार यावं लागतं. म्हणजे घाई जेवढी जास्त, तेवढ्या जास्त वेळा त्या सर्वांत महागड्या थरात पाय ठेवायचा. (पाय नाहीत, कबूल.)

यातून सुटायचा एकच रस्ता आहे. तो थर ओलांडून सरळ हवेत जायचं. हवेत अडथळा नगण्य. श्वास तिथेच घ्यायचा, तोंडावर लाटही येत नाही, आणि दोन-चार मीटर अंतर फुकट कापून परत आत शिरायचं. फुकट म्हणजे अगदी फुकट नाही. अंग उचलायला ताकद लागतेच. पण इथे एक गंमत आहे, आणि ती कळली त्या रात्री मी उठून दिवा लावला होता. वेग दुप्पट केला की उडी उचलायला चौपट ताकद लागते, पण उडी पडतेही चौपट लांब. म्हणजे उडीचा दर मीटरचा खर्च वेग वाढला तरी जवळपास तेवढाच राहतो. पाण्याचं तसं नाही. वेग दुप्पट झाला की पाण्यातल्या प्रत्येक मीटरमागे चौपट खर्च. एक रेघ आडवी, दुसरी चढत जाणारी. कुठेतरी त्या एकमेकींना छेदणारच. त्या वेगाच्या खाली उडी मारणं ही उधळपट्टी, त्याच्यावर गेलं की काटकसर. अंग जितकं मोठं तितका हा छेदबिंदू वरच्या वेगाला जातो. प्रत्यक्षात उड्या वहीतल्या आकृतीसारख्या नेमक्या कोनात पडत नाहीत, पाणी उडतं त्यात ताकद वाया जाते, म्हणून छेदबिंदूचा ठाम आकडा मी देणार नाही. पण रेघा छेदतात, हे खरं.

हा हिशेब १९८० साली डेव्हिड आऊ आणि डॅनियल वाइस या दोघांनी मांडला, ‘नेचर’ या नियतकालिकात. तो वाचताना माझं लक्ष समीकरणांपेक्षा त्यामागच्या समुद्राकडे जास्त गेलं. आऊ काम करत होते पूर्व प्रशांत महासागराच्या उष्ण पट्ट्यात. तिथे ठिपकेवाल्या आणि गिरक्या घेणाऱ्या, म्हणजे स्पिनर, डॉल्फिनच्या कळपांखालून पिवळ्या परांचे टूना मासे पोहतात. ते का, हा वेगळाच विषय आहे. मासेमारांना मात्र एवढं कळलं की वर डॉल्फिन दिसले तर खाली टूना. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठी जहाजं वेगवान होड्या सोडून डॉल्फिनचा कळप पिटाळायला लागली, तो दमून एका जागी गोळा झाला की भोवती भलंमोठं जाळं टाकून तळ आवळायचा. टूनाबरोबर डॉल्फिनही जाळ्यात. लाखोंनी मेले. पुढे जाळ्याची कड बुडवून डॉल्फिनना बाहेर सोडायची रीत आली, कायदे आले, मरणाऱ्यांची संख्या पुष्कळ खाली आली, पण पाठलाग चालू राहिला. त्या पट्ट्यातले डॉल्फिन जहाजाच्या नाळेशी खेळायला येत नाहीत. आऊ आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं हेलिकॉप्टरमधून पाहिलं, तर जहाज कित्येक किलोमीटर लांब असतानाच कळप दिशा बदलून बाजूला सरकत होते. आणि जहाज जवळ आलंच, तर सगळा कळप ठेंगण्या, लांब, सपाट उड्या मारत सुटायचा. म्हणजे डॉल्फिन उडी मारून ताकद वाचवतात हे ज्या समुद्रावरून उमगलं, तिथले डॉल्फिन पळायला शिकलेले होते.

त्या रात्री मी भाचीला फोन करणार होते. अडीच वाजले होते.

नंतर मात्र मला स्वतःवर थोडं हसू आलं, कारण आता मी दुसऱ्या टोकाला जाऊन प्रत्येक उडीत भीती बघायला लागले होते. तसंही नाही. बर्न्ड व्यूर्झिग यांनी अर्जेंटिनाच्या आणि पुढे न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर डस्की डॉल्फिनचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. त्यांच्या नोंदींमध्ये उड्यांचे चक्क प्रकार पडतात. माशांच्या थव्याभोवती शिकार चालू असते तेव्हाच्या उड्या उंच आणि स्वच्छ; डोकं खाली करून प्राणी जवळजवळ आवाज न करता आत शिरतो, कारण वर येऊन श्वास घ्यायचा आणि पडण्याच्या वेगाचाच उपयोग करून पुन्हा खाली माशांपर्यंत पोहोचायचं. दुसऱ्या प्रकारात पोटावर नाहीतर कुशीवर धप्पकन पडतात, पाण्याचा फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि तो पाण्याखाली पोहोचतो. तिसऱ्या उड्या शिकार आटोपल्यावरच्या, पोट भरलेल्यांच्या: कोलांट्या, उलट्या, एकाच वेळी दोघांच्या. ह्यांना खेळ म्हणायला माझी काहीच हरकत नाही. स्पिनर डॉल्फिनचा तर कहरच. तो पाण्याखालीच अंगाला पीळ देत वर येतो, आणि पाण्याची पकड सुटली की तोच पीळ हवेत आणखी वेगात फिरतो. एका उडीत सात-सात गिरक्या मोजल्या गेल्या आहेत. अंगाला चिकटलेले रेमोरा मासे झटकून टाकायला हे उपयोगी पडतं, असं गणितानं दाखवता येतं. प्रत्येक गिरकी त्यासाठीच असते असं मात्र गणित म्हणत नाही.

तेव्हा उडी पाहताना उंचीकडे बघून काही कळत नाही, हे मी शिकले. बघायचं ते प्राणी परत पाण्यात कसा शिरतो, बाकीचे काय करतायत, आणि सगळ्यांचं तोंड कुठे आहे. एकाच जागी घुटमळत वेगवेगळ्या दिशांना उड्या पडत असतील तर तिथे काहीतरी चाललंय, खाणं किंवा दंगा. सगळे एका ओळीत, एका लयीत, सपाट उड्या मारत एकीकडे निघाले असतील तर ते प्रवासाला निघालेत, आणि घाईनं. आणि त्या ओळीच्या मागच्या टोकाला तुमची होडी असेल, तर घाईचं कारण फार लांब शोधायला नको.

पण माझ्या चित्रीकरणाची शेवटची दहा सेकंदं या सगळ्यात बसत नव्हती.

त्या दहा सेकंदांत दोन डॉल्फिन नाळेच्या इतके जवळ आहेत की वाकलं तर हात लागेल. होडी चालली आहे, ते होडीच्या वेगानं चालले आहेत, आणि त्यांच्या शेपट्या हलत नाहीत. मी फ्रेम फ्रेम पाहिलं. एक पूर्ण कुशीवर वळतो, पांढुरकं पोट दाखवतो, एक डोळा वर करतो (हा डोळा मी मोठा करून पाहिला आहे आणि त्यात मला काय दिसलं ते मी सांगणार नाही, कारण तो बहुधा माझाच खुळेपणा होता) आणि तसाच, शेपटी न हलवता, पुढे सरकत राहतो. जणू कुणी मागून हलकेच ढकलतंय.

ढकलतच असतं. होडी पुढे जाते तेव्हा तिच्या नाळेपुढचं पाणी दाबलं जातं आणि पुढे सरकतं. नाळेजवळ दाब जास्त, थोडं पुढे कमी. या उतरत्या दाबात कुणी नेमकं शिरलं, शेपूट नाळेकडे आणि चोच पुढे, तर मागच्या अंगावर जास्त दाब आणि पुढच्या अंगावर कमी, म्हणून पाणीच त्याला पुढे लोटतं. आज हे दोन वाक्यांत सांगता येतं, पण चाळीस आणि पन्नासच्या दशकांत यावर शास्त्रज्ञांचं चांगलंच जुंपलं होतं. वॉलेस हेज यांचं म्हणणं, डॉल्फिन लाटेच्या उतारावरून घसरतो, फळीवरच्या स्वारासारखा. पेर शोलँडर म्हणाले, तो शेपटीचं पातं वर उसळणाऱ्या पाण्यात तिरकं धरतो आणि तिथून ढकल मिळवतो. त्यांनी तिरकेपणाचा कोनसुद्धा दिला, २८ अंश. मला शोलँडर वाचताना मजा आली, पण माझ्या फ्रेममधला तो कुशीवर वळलेला प्राणी त्यांना अडचणीत टाकतो. पातं उभं झालं तरी त्याचा प्रवास थांबला नव्हता. १९६० मध्ये फेयर आणि बॅकस यांनी दाखवलं की मोठ्या जहाजापुढच्या दाबाच्या पट्ट्याचाच आधार पुरेसा आहे, वर लाट दिसायचीही गरज नाही. नाळ जितकी बोथट, तितका तो पट्टा जाड. होडी फार हळू असेल तर ढकल नगण्य. छोटी वेगवान होडी नाक वर करून पाण्यावर तरंगत धावायला लागली तर पुढे दाबायला पाणीच उरत नाही. मग डॉल्फिन तिच्या मागच्या लाटेवर जातात.

या ढकलीनं एका मोठ्या माणसाची झोप उडवली होती, असा माझा एक लाडका संशय आहे. १९३६ साली जेम्स ग्रे या प्राणिशास्त्रज्ञानं एक हिशेब केला. हिंदी महासागरात जहाजावरच्या एकानं हातातल्या घड्याळावर वेळ लावली होती: एक डॉल्फिन जहाजाच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत सात सेकंदांत गेला. जहाजाचा वेग धरून त्याचा वेग निघाला सेकंदाला सुमारे दहा मीटर. ग्रे यांनी तेवढ्या वेगाला लागणारी ताकद काढली, इतर सस्तन प्राण्यांच्या स्नायूंशी ताडून पाहिली, आणि स्नायूंची ताकद सातपट कमी पडली. मग डॉल्फिनच्या कातडीत काय जादू आहे, याचा शोध कित्येक दशकं चालला. जादू नव्हती. सात सेकंदांच्या धावेची तुलना कित्येक मिनिटं टिकणाऱ्या मेहनतीशी केली गेली होती; आणि २०१४ मध्ये फ्रँक फिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुडबुड्यांच्या पडद्यातून डॉल्फिनना पोहायला लावून त्यांच्या शेपटीचा जोर थेट मोजला, तो पुरून उरणारा होता. पण मला सारखं वाटतं, तो सात सेकंदांचा डॉल्फिन जहाजाला घासून चालला होता. चालत्या जहाजाच्या कडेला पाणी स्थिर नसतंच. घड्याळ लावणारा डॉल्फिन मोजत होता, की थोडंसं जहाजही?

१९९२ मध्ये टेरी विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वाद नाडीवर आणून सोडवला. शिकवलेले बॉटलनोज डॉल्फिन, शेजारी एक होडी, डॉल्फिनच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मोजायची सोय, पोहून झाल्यावर रक्ताची तपासणी. होडीच्या लाटेवर स्वार होऊन ३.८ मीटर प्रतिसेकंद वेगानं जाताना त्यांच्या हृदयाला जेवढे कष्ट पडत होते, ते स्वतःच्या ताकदीवर २.१ मीटर प्रतिसेकंद या आरामाच्या चालीनं पोहण्याहून जास्त नव्हते. जवळपास दुप्पट वेग, त्याच घामात. (घामही नाही त्यांना. असो.)

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. कारण सापडलं: ताकद वाचते म्हणून येतात. पण मला ते पुरेसं वाटत नाही, आणि हे मी तज्ज्ञांशी भांडायला म्हणत नाही, त्यांच्यातलेही बरेच जण हेच म्हणतात. ताकद वाचते ती प्रवासात. ज्याला पूर्वेला जायचंय त्याला पूर्वेला जाणारं जहाज मिळालं तर त्याची सोय झाली. पण हे प्राणी लांबून धावत येतात, येताना चिक्कार ताकद खर्च करतात, होडी नेईल तिकडे दहा मिनिटं जातात आणि मग सोडून देऊन बहुधा होते तिथेच परत जातात. यात वाचलं काय? घसरगुंडीवरून खाली येताना मुलाचे पाय वाचतात हे खरं आहे, म्हणून कुणी घसरगुंडीवर जात नाही.

न्यूझीलंडजवळ १८८८ ते १९१२ अशी चोवीस वर्षं एक एकटा रिसोज डॉल्फिन येणाऱ्या-जाणाऱ्या आगबोटींना भेटत असे. लोकांनी त्याला पेलोरस जॅक नाव दिलं होतं. तो नाळेपुढे पोहायचा, बोटीला अंग घासायचा. तो जहाजांना फ्रेंच पास नावाच्या धोक्याच्या अरुंद खाडीतून सुखरूप वाट दाखवतो, अशी त्याची ख्याती झाली, आणि १९०४ मध्ये त्याला सरकारी हुकमानं संरक्षण मिळालं. वस्तुस्थिती अशी की तो त्या खाडीत जातच नसे. तिच्या अलीकडेच बोट सोडून माघारी फिरत असे. वाट दाखवणारा म्हणून ज्याची कौतुकं झाली, तो नेमका अवघड जागी गायब. मला हा जॅक फार आवडतो. त्याला चोवीस वर्षं काय मिळत होतं ते त्याचं त्याला ठाऊक. इतर डॉल्फिनची सोबत त्याला नव्हती, आणि अंग लोटणारं, अंगाला लागणारं, मोठं असं काहीतरी रोज ठरल्या वाटेनं येत होतं.

अंगाला लागणारं मोठं काहीतरी. हे लिहिलं आणि मला त्या चित्रीकरणातली आणखी एक गोष्ट आठवली, जी मी सुरुवातीच्या शंभर वेळांत पाहिलीच नव्हती. पळणाऱ्या ओळीत शेवटून दुसरी एक मादी असावी, कारण तिच्या कुशीला चिकटून एक छोटी पाठ आहे. दोघांची उडी एकदम, दोघं आत एकदम. पिल्लू आईच्या कडेला, किंचित मागे, तिच्या अंगाला जवळजवळ टेकून पोहतं. मोठं अंग पुढे सरकताना भोवतीचं पाणी ओढतं आणि लोटतं, आणि त्या पाण्यात पिल्लू वाहून नेलं जातं. वाइस यांनीच पुढे, २००४ मध्ये, याचाही हिशेब केला: नवजात पिल्लाला, आई सेकंदाला २.४ मीटरपर्यंतच्या चालीनं जात असेल तर, लागणाऱ्या जोरातला नव्वद टक्क्यांपर्यंत वाटा तिच्याकडून मिळू शकतो. डॉल्फिन देवमाशांच्या डोक्यापुढेही असेच स्वार झालेले पाहिले गेले आहेत. जहाजं ही त्या मानानं कालची गोष्ट. जन्मल्या दिवसापासून ज्याला दुसऱ्याच्या अंगाचं पाणी अंगावर घ्यायची सवय आहे, त्याला आमची होडी दिसल्यावर ती काय वाटत असेल? धोका वाटत असेल. आणि ओळखीचंही काही वाटत असेल. सहा-सात जण पळत होते आणि त्यांच्यातलेच दोघं, थोड्याच सेकंदांनी, वळून नाळेखाली आले. की ते दुसरेच होते? चौतीस सेकंदांत हे दिसत नाही. एवढं दिसतं की पिल्लू असलेली मादी आली नाही.

घाई आणि पाठलाग आला की पिल्लाची ही सोय सर्वांत आधी मोडते. आई सपाट उड्या मारत सुटली की दर उडीला पिल्लाला तिच्या कडेची ती नेमकी जागा सोडावी लागते आणि पाण्यात शिरताच पुन्हा शोधावी लागते. पूर्व प्रशांतमधल्या पाठलागांबद्दलची सर्वांत वाईट शंका हीच आहे, की जाळ्यातून सगळे सुखरूप सुटले तरी काही पिल्लं वाटेतच मागे पडत असतील. माझ्या बारा सेकंदांतल्या पिल्लाच्या तीन उड्या मला मोजता आल्या. तिसऱ्या उडीत त्याच्यात आणि आईत अंतर पडलं आहे. फार नाही, हातभर. नंतर माझा कॅमेरा दुसरीकडे वळला, कारण तिकडे कुणीतरी जास्त उंच उडी मारली होती.

गेल्या महिन्यात आम्ही परत गेलो. भाची आता आठ वर्षांची. निघण्याआधी मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, “काका, डॉल्फिन दिसले तरी त्यांच्या मागं नका नेऊ. आपण सरळच जात राहू, एकाच वेगानं.” मला वाटलं ते नाराज होतील. ते म्हणाले, “मग बरंच. वळवलं की ते पांगतात. पण न वळवावी तर लोक ओरडतात.” आणि बिडी कानामागे खोचून त्यांनी इंजिन सुरू केलं. सरळ रेषेत, एका सुरात. जवळजवळ तासभर काही दिसलं नाही. ऊन चढलं, ओठांवर मीठ बसलं, होडीतल्या दोघा-तिघांनी आपापसात कुरकुर सुरू केली आणि मी समुद्राकडे अपराधी चेहऱ्यानं बघत राहिले. मग उजवीकडे लांब एक पाठ वर आली. उडी नाही, नुसती पाठ, आणि ‘फुस्स’ असा श्वासाचा आवाज. मग आणखी एक. काकांनी माझ्याकडे बघितलं. सुकाणू हललं नाही.

ते तिरके येत गेले आणि दिसेनासे झाले. भाची नाळेवर पालथी पडली होती, मी तिचे पाय धरले होते. बराच वेळ तिची पाठ तेवढी माझ्यासमोर होती. मग ती न वळता, अगदी हळू, कुणीतरी झोपलेलं असावं तशा आवाजात म्हणाली, “मावशी, खाली आहेत. तीन. शेपटी हलवत नाहीयेत.”

“छोटं आहे का त्यांच्यात?”

ती थोडा वेळ बोलली नाही.

“थांब,” ती म्हणाली, “बघते.”